N cosθ = mg की N = mg cosθ? बँकिंगच्या गणितांचा माझा अनुभव

बारावीच्या भौतिकशास्त्रातील वर्तुळाकार गतीची गणिते मी सिंधुदुर्गातील एका तालुक्याच्या गावी शिकले. त्यांपैकी बरीचशी गणिते कोणतीही अडचण न येता सुटली. कोनीय वेग, दोरीला बांधून फिरवलेला दगड, सपाट रस्त्यावरचे वळण या साऱ्यांबद्दल मला काही विशेष सांगायचे नाही. मला लिहायचे आहे ते बँकिंगच्या, म्हणजे बाहेरची कड उचललेल्या वळणाच्या, गणितातल्या N cosθ = mg या एका ओळीबद्दल. ती ओळ आमच्या क्लासमध्ये कारण न देता फळ्यावर लिहिली गेली, मी कारण विचारले तेव्हा "इथे N चे घटक पाडायचे, उतारावरच्या ठोकळ्याला mg चे पाडायचे, एवढे लक्षात ठेवा" असे उत्तर मिळाले, आणि यंदा माझ्या धाकट्या भावाच्या वहीत तेच वाक्य चौकट करून लिहिलेले मला दिसले. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी सपाट वळण, कारण पुढची सारी तुलना त्याच्याशी करायची आहे. घाटातले ५० मीटर त्रिज्येचे एक वळण घ्या आणि जूनमधला ओला रस्ता म्हणून घर्षण गुणांक ०.४ धरा. गाडीला वळवण्यासाठी केंद्राकडे mv²/r एवढे बल लागते, आणि सपाट रस्त्यावर ते टायर व रस्ता यांच्यातील घर्षणच देऊ शकते. घर्षणाची कमाल मर्यादा μmg आहे, म्हणून v² = μrg = ०.४ × ५० × ९.८ = १९६, म्हणजे वेग सेकंदाला १४ मीटर, ताशी ५०.४ किलोमीटर. अभिकेंद्री बल हे आकृतीत काढायचे वेगळे बल नाही, हे इथेच पक्के करून घ्यावे. आकृतीत वजन, रस्त्याची अभिलंब प्रतिक्रिया आणि घर्षण एवढीच बले येतात, आणि त्यांची केंद्राकडील बेरीज mv²/r एवढी भरावी लागते. एसटीत बसल्यावर आपण वळणाच्या बाहेर ढकलले जातो असे वाटते, तरी रस्त्यावर उभे राहून पाहणाऱ्याच्या आकृतीत बाहेर ढकलणारे बल नसते.

आता तोच रस्ता बाहेरच्या बाजूने उचलू. उतार १० टक्के, म्हणजे tanθ = ०.१ आणि θ साधारण ५.७ अंश. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांत बर्फ न पडणाऱ्या डोंगराळ भागासाठी आडव्या उताराची हीच कमाल मर्यादा दिलेली आहे. घर्षण तूर्त नाही असे धरले, तर गाडीवर दोनच बले उरतात, खाली mg आणि रस्त्याला लंब असलेली प्रतिक्रिया N. पुस्तक म्हणते, N cosθ = mg आणि N sinθ = mv²/r, म्हणून tanθ = v²/rg. त्यावरून v² = ०.१ × ४९० = ४९, वेग सेकंदाला ७ मीटर, ताशी २५.२ किलोमीटर. उत्तर आले, गणित संपले.

मी अडकले ती नेमकी या ओळीवर. अकरावीत उतारावर ठेवलेल्या ठोकळ्यासाठी आम्ही N = mg cosθ असे लिहिले होते. तिथेही उतार होता, वजन होते, उताराला लंब प्रतिक्रिया होती. एका ठिकाणी N वजनापेक्षा कमी, दुसऱ्या ठिकाणी N = mg/cosθ, म्हणजे वजनापेक्षा जास्त. उतार तोच असेल, तर प्रतिक्रिया दोन वेगवेगळ्या कशा? पाठ करून गुण मिळतील हे मला मान्य होते, पण उद्या गणितात उताराच्या रस्त्यावर थांबलेली गाडी दिली, तर दोनपैकी कोणते वाक्य वापरायचे, हे पाठांतर सांगत नव्हते.

उत्तर मला बलांत सापडले नाही, ते त्वरणात होते. न्यूटनचा दुसरा नियम असे सांगतो की ज्या दिशेला त्वरण शून्य आहे, त्या दिशेला बलांची बेरीज शून्य. घसरणाऱ्या ठोकळ्याचे त्वरण उताराच्या रेषेत असते. उताराला लंब दिशेने तो ना वर उडतो ना आत घुसतो, म्हणून त्या दिशेला बेरीज शून्य लिहिता येते आणि N = mg cosθ मिळते. वळणाऱ्या गाडीचे त्वरण मात्र वर्तुळाच्या केंद्राकडे असते, आणि ते केंद्र रस्त्याच्या उतारावर खाली कुठे नसून गाडीच्याच उंचीवर, आडव्या प्रतलात असते. त्यामुळे त्वरण पूर्णपणे क्षितिजसमांतर आहे आणि शून्य आहे ते उभ्या दिशेने. म्हणून बेरीज शून्य लिहायची ती उभ्या दिशेला, आणि N cosθ = mg तिथून येते. उताराला लंब दिशेला बेरीज शून्य लिहिण्याचा आपल्याला इथे अधिकारच नाही, कारण क्षितिजसमांतर त्वरणाचा एक भाग त्या दिशेला पडतो.

हे पटल्यावर मी मुद्दाम "चुकीचे" समजले जाणारे अक्ष घेऊन गणित केले, आणि ते प्रत्येकाने एकदा करावे असे मला मनापासून वाटते. एक अक्ष उताराच्या रेषेत, दुसरा उताराला लंब. केंद्राकडील त्वरणाचे दोन भाग होतात, रेषेत (v²/r) cosθ आणि लंब (v²/r) sinθ. मग दोन समीकरणे अशी येतात:

mg sinθ = (mv²/r) cosθ
N − mg cosθ = (mv²/r) sinθ

पहिल्यातून tanθ = v²/rg तसेच्या तसे मिळते. म्हणजे घटक कोणाचे पाडायचे हा नियम मुळात नव्हताच. कोणतेही अक्ष चालतात, फक्त त्वरणाचेही घटक पाडावे लागतात. आमच्या वहीतले वाक्य हे एका सोयीचे वर्णन होते, ते नियम म्हणून शिकवले गेले.

दुसरे समीकरण तर माझ्या मूळ प्रश्नाचे पूर्ण उत्तर देते: N = mg cosθ + (mv²/r) sinθ. आपल्या १० टक्के उताराच्या वळणावर १००० किलोग्रॅमची गाडी घ्या. ती हँडब्रेक ओढून उभी असेल, तर v शून्य आणि N = ९७५१ न्यूटन, अकरावीतल्या ठोकळ्याप्रमाणेच वजनापेक्षा थोडी कमी. तीच गाडी सेकंदाला ७ मीटर वेगाने वळत असेल, तर N = ९८४९ न्यूटन, वजनापेक्षा थोडी जास्त. रस्ता तोच, गाडी तीच. प्रतिक्रिया फक्त उतारावरून ठरत नाही, गाडीचे त्वरण काय आहे यावरही ती अवलंबून असते. दोन्ही सूत्रे बरोबर होती आणि दोन्ही याच एका समीकरणातून निघतात, हे कळले तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो.

ही चूक वर्षानुवर्षे टिकते, याचेही कारण आकड्यांतच आहे. वळणाऱ्या गाडीसाठी कोणी N = mg cosθ धरून N sinθ = mv²/r मध्ये घातले, तर v² = rg sinθ cosθ असे येते. आपल्या उदाहरणात त्याचे उत्तर सेकंदाला ६.९७ मीटर येते, खरे ७ आहे. एवढा फरक परीक्षेत कोणालाही पूर्णांकात बसवलेला वाटेल. लहान कोनाला चूक लपते, म्हणून तपासणी मोठ्या कोनाला करावी. ४५ अंशाला चुकीचे सूत्र v² निम्मे देते. ९० अंशाला, म्हणजे उभ्या भिंतीला, ते म्हणते की वेग शून्य हवा, जे उघडच अशक्य आहे. बरोबर सूत्र तिथे वेग अनंत मागते, म्हणजे घर्षणाशिवाय उभ्या भिंतीवर गाडी चालूच शकत नाही. जत्रेतल्या मौत का कुआँमध्ये मोटारसायकल वर राहते, ती घर्षण तिचे वजन पेलते म्हणून.

घर्षणासह बँकिंग हा पुढचा टप्पा, आणि तिथे नवे काही नाही. गाडी वेगात असेल तर ती वर, बाहेरच्या कडेकडे सरकू पाहते, म्हणून घर्षण उताराच्या रेषेत खाली. त्याच पद्धतीने v² = rg(μ + tanθ)/(१ − μ tanθ) मिळते. आकडे घातले की ४९० × ०.५/०.९६, साधारण २५५, वेग सेकंदाला सुमारे १६ मीटर, ताशी ५७.५ किलोमीटर. सपाट रस्त्याच्या ५०.४ च्या तुलनेत ही वाढ फार नाही, आणि १० टक्के उताराकडून याहून अधिक अपेक्षा करू नये. किमान वेग विचारला, तर आधी tanθ आणि μ यांची तुलना करावी. इथे tanθ लहान आहे, म्हणून गाडी थांबली तरी आत घसरत नाही आणि किमान वेगाचा प्रश्नच उद्भवत नाही. सूत्रात आकडे टाकून ऋण संख्येचे वर्गमूळ काढत बसण्याची वेळ यामुळे टळते.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. ताशी किलोमीटर दिलेले असतील, तर पहिल्या ओळीतच ३.६ ने भागून घ्यावे. रस्ते बांधणारे अभियंते हेच रूपांतर सूत्रात गुंडाळून e + f = V²/१२७R असे लिहितात. त्यातला १२७ हा आकडा ९.८ गुणिले ३.६ चा वर्ग आहे, V ताशी किलोमीटरमध्ये, e म्हणजे आडवा उतार आणि f म्हणजे बाजूचे घर्षण. त्यांच्या मानकात f फक्त ०.१५ धरतात. आपल्या वळणाला e = ०.१ घेतला, तर V सुमारे ताशी ४० किलोमीटर येतो. गणितातला ५७.५ हा घसरण्याच्या अगदी काठावरचा वेग आहे, रस्त्यावरच्या पाटीवर लिहिण्याचा नव्हे.

वस्तुमान छेदले जाते, म्हणून स्कूटर आणि भरलेला टेम्पो यांचे उत्तर एकच, असेही आम्हाला सांगितले गेले. घसरण्यापुरते ते खरे आहे. उलटण्याचे गणित मात्र वेगळे आहे, कारण तिथे गुरुत्वमध्याची उंची येते. सपाट वळणावर चाकांमधले अंतर b आणि गुरुत्वमध्याची उंची h असेल, तर गाडी उलटण्याची सीमा v² = rg(b/२h) आहे. आंब्याच्या पेट्या उंच रचलेल्या टेम्पोसाठी b १.५ मीटर आणि h १.२ मीटर धरले, तर b/२h = ०.६२५. ओल्या रस्त्यावर μ ०.४ आहे, म्हणून तो आधी घसरेल. मे महिन्यातल्या कोरड्या रस्त्यावर μ ०.८ धरला, तर घसरण्याची सीमा ताशी ७१ किलोमीटर आणि उलटण्याची ६३, म्हणजे तोच टेम्पो घसरण्याआधी उलटेल. गणितात "कमाल सुरक्षित वेग" विचारला असेल आणि b व h दिले असतील, तर दोन्ही सीमा काढून लहान असेल ती लिहावी.