तुम्ही विचारलंत म्हणून : वस्तऱ्याची टणटण

‘शाळेत दाखवायच्या फिल्ममध्ये मारामारी, रक्त काही चालत नाही. मग माणूस मारला गेला हे पोरांना लागणार कसं?’

घाव वगळला की परिणाम वगळला जातो, हे या प्रश्नामागचे गृहीतकच मला मान्य नाही. युद्ध आणि मरण रंगमंचावर प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांमधल्या छोट्या जोडप्रसंगातून, सूचित करावे, असे भरताच्या नाट्यशास्त्रानेच सांगून ठेवले आहे. कोल्हापुरात तर याला आणखी एक कारण आहे. शिवाजी पेठेतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या मुलाने तलवार आणि दांडपट्टा मर्दानी खेळात पाहिलेला असतो. पडद्यावर पाते उगारले गेले की त्याच्या मनात मरण येत नाही, सफाई येते, आणि तो शिट्टी वाजवतो. म्हणून ‘तलवार वर जाते आणि पडदा काळा होतो’ ही सर्वांना सुचणारी युक्ती मी वापरत नाही. तिच्यात घाव दिसत नसला तरी त्याचा थरार शिल्लक राहतो आणि उरलेला भाग मुले आपल्याला ठाऊक असलेल्या सिनेमांतून भरून काढतात.

मी नेहमी पन्हाळ्याचे उदाहरण देतो, कारण ते इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. जुलै 1660 मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले त्या रात्री, परंपरेने सांगितले जाते त्याप्रमाणे, नेबापूरचा शिवा काशीद महाराजांच्या वेशात दुसऱ्या पालखीत बसला, पकडला गेला आणि ओळख पटल्यावर मारला गेला. व्यवसायाने तो न्हावी होता. पटकथा लिहिणाऱ्याच्या हाती यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच लागते, पालखी नव्हे. या प्रसंगावर पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी मी लिहिलेल्या पंधरा मिनिटांच्या पटकथेत पहिली तीन-चार मिनिटे केवळ हजामतीची आहेत. गडावरचे मावळे रांगेने बसले आहेत. शिवाचा दहा वर्षांचा पुतण्या (हे पात्र माझ्या कल्पनेतले आहे) धोकटी उघडतो, पितळी वाटीत पाणी भरतो, आरसा धरून बसतो. शिवा वस्तरा पाण्यात बुडवतो आणि वाटीच्या काठावर दोनदा आपटतो, टणटण, मग दाढीला हात घालतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला हाच क्रम. तिसऱ्या वेळेपर्यंत मुलांना तो पाठ होतो, आणि कुणीतरी बाकावर बोटांनी तशी टणटण करतेच.

हा आवाज मी विचारपूर्वक निवडला आहे. वस्तरा चामड्यावर फिरवल्याचा आवाज अधिक सुंदर असेल, पण शाळेच्या सभागृहात पंखे फिरत असतात, स्पीकर एकच असतो आणि पत्र्याखाली प्रत्येक आवाज घुमतो. तिथे हलका, खर्जातला आवाज चौथ्या रांगेपलीकडे जात नाही. पितळेचा जातो. अंधाराचेही तेच आहे. खिडक्यांना पडदे नसलेल्या खोलीत प्रोजेक्टरवर रात्रीचा प्रसंग म्हणजे नुसता करडा चौकोन, त्यामुळे ज्यावर सगळे अवलंबून आहे तो प्रसंग मी सकाळी ठेवतो.

आता छावणी. पकडलेल्या शिवासमोर सरदार बसला आहे आणि त्याला समोर महाराजच आहेत असे वाटते. तो अदबीने बोलतो : ‘आपण बसावे.’ ‘आपल्याला तहान लागली असेल.’ शिवा फारसे बोलत नाही. एक माणूस आत येतो, शिवाकडे पाहतो, सरदाराच्या कानाशी लागतो. सरदार पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवतो आणि विचारतो, ‘तू कोण?’ प्रसंग इथेच संपतो. धमकी नाही, पाते नाही, किंकाळी तर नाहीच, कारण भरलेल्या सभागृहात किंकाळीवर मुले हमखास हसतात. अदब गेली आणि पाणी गेले, तेव्हा या माणसाचे आता काय होणार हे सातवीच्या मुलाला कळते. निर्णय कळला की प्रसंग तोडावा; कृतीच्या उंबऱ्यापर्यंत गेलो तर मुले कृतीची वाट पाहू लागतात आणि ती मिळाली नाही म्हणून हिरमुसतात.

त्यानंतर पुन्हा गड. महाराज निघून गेले तरी त्र्यंबक भास्करांच्या हाताखाली शिबंदी पन्हाळ्यावर होतीच, त्यामुळे सकाळी माणसे तिथे असणे इतिहासाला धरून आहे. हा भाग माझ्या वहीत असा आहे :

दृश्य 9. गड. बाहेर. सकाळ.
पुतण्या धोकटी उघडतो.
वाटीत पाणी भरतो.
म्हातारा मावळा येऊन समोर बसतो. मान वर करतो.
पुतण्या आरसा धरतो.
कुणी येत नाही.
म्हातारा मान खाली करतो.
म्हातारा : शिवा गेला, पोरा. त्यांच्या छावणीत मारला त्याला.
पुतण्या आरसा तसाच धरून आहे.

पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा हिशेब असतो. एकेका ओळीला एकेक हालचाल देऊन मी हा प्रसंग मुद्दाम लांबवला आहे, म्हणजे दिग्दर्शकाला तो उरकता येत नाही. हेच ‘शिवाच्या अनुपस्थितीने सगळे व्यथित होतात’ असे एका वाक्यात लिहिले असते, तर चार सेकंदांत दोन रडके चेहरे आणि बासरी मिळाली असती. टणटण कुठेच लिहिलेली नाही, मात्र तिची जागा रिकामी ठेवली आहे.

म्हाताऱ्याच्या वाक्यावर मोठ्यांचा आक्षेप असतो. इतके स्पष्ट कशाला, सूचकतेवर सोडा, असे मला अनेकदा सांगितले जाते. नववी-दहावीच्या मुलांसमोर मी कदाचित सोडेनही, पण पाचवीच्या वर्गात नाही. त्या वयाच्या मुलाला कथेत गाळलेली जागा दिसते, पण तिथे काय घडले याची खात्री त्याला नसते, आणि खात्री नसेल तर तो माणसाला पळवून नेतो, वाचवतो, पुढच्या भागात परत आणतो. म्हणून ‘मारला’ हे क्रियापद एकदा, साध्या आवाजात, विशेषणाशिवाय यायलाच हवे. कसे मारले, हे येऊ नये.

हे साधले की नाही हे शूटिंगच्या आधीच तपासता येते. पटकथा वर्गात वाचून दाखवावी आणि ‘आवडली का’ असे न विचारता ‘काय झालं’ असे विचारावे. मुले तलवारीचे वर्णन करू लागली, तर छावणीचा प्रसंग लांबला आहे. ‘तू कोण’नंतरचे सगळे काढून टाकावे. ‘मग तो सुटला का?’ असे कुणी विचारले, तर म्हाताऱ्याचे वाक्य ऐकू गेलेले नाही किंवा फार उशिरा आले आहे. आणि ‘आता दाढी कोण करणार?’ असे कुणी विचारले, तर हसणाऱ्यांना गप्प करू नये. त्या मुलापर्यंत पटकथा पोहोचली आहे आणि तिला अधिक हात लावण्याची गरज नाही.

एक मर्यादा मात्र सांगायला हवी. ही रीत प्रेक्षकाला आधी माणूस ओळखीचा करून देण्यावर उभी आहे, आणि त्याला वेळ लागतो. स्नेहसंमेलनात पाच मिनिटांची फिल्म हवी, त्यात वेढा, पालखी, घोडखिंड आणि विशाळगडाच्या तोफाही हव्यात, असा आग्रह असेल तर शिवाच्या मृत्यूला वजन येणार नाही, मग तो पडद्यावर दाखवा की पडद्याबाहेर ठेवा. अशा वेळी मी घोडखिंड काढायला सांगतो. ती काढायला सहसा कुणी तयार होत नाही.