शाळेच्या पटांगणातला दरबार

अमृतमहोत्सवी स्मरणिकेत आपल्या गुरुजनांविषयी लिहिणारे पुष्कळजण असतील. मी १९७३ साली शाळेच्या व्हरांड्यात उतरलेल्या एका पाहुण्याविषयी लिहिणार आहे. शाळेच्या कुठल्याही रजिस्टरात त्याचं नाव नाही. तरी सहावी-सातवीत मी जे शिकलो, त्यातलं बरंचसं त्याच्याकडून शिकलो असं मला आजही वाटतं.

त्या वर्षी माणदेशात काय चाललं होतं हे आताच्या विद्यार्थ्यांना थोडं सांगायला हवं. आधीची दोन वर्षं पाऊस अपुरा होता आणि १९७२ चा तर पार कोरडा गेला. ज्वारी उगवून करपली. लोकांनी बैल मिळेल त्या भावाला विकले. सरकारनं दुष्काळी कामं काढली, तेव्हा गावच्या गाव खडी फोडायला बसलं. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या बाया, हातोडीचा दिवसभराचा ठकठक आवाज आणि रस्त्याकडेला ब्रासात मोजलेले खडीचे ढीग, एवढंच दिसायचं. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. रेशनवर लाल मिलो मिळायचा आणि कामावर सुकडी. वर्गात निम्मी मुलं नसायची, कारण तीही आईबरोबर खडीवर असायची. माणगंगेच्या वाळूत झिरे खणून बाया रात्री वाटी-वाटीनं पाणी भरत.

होळीच्या आधी केव्हातरी तो आला. पाठीवर लाकडी पेटी, बायकोच्या खांद्याला ढोलक आणि मागं एक लहान मुलगा. राजस्थानातला, नागौरकडचा भाट. कठपुतळीचे खेळ करत मुलूख फिरायचा. इकडच्या जत्रांच्या भरवशावर उतरला होता, पण त्या वर्षी जत्रा नुसत्या नावाला भरल्या. गावात शिरल्यावर त्यानं भाकरी मागितली नाही, राहायला जागाही मागितली नाही. शाळेसमोर उभं राहून हेडमास्तरांना विचारलं, “मास्तरसाब, आपकी नदी में कहीं पानी है? एखादा डोह?”

हेडमास्तर म्हणाले, “डोह आटून चार महिने झाले.”

त्यानं मान हलवली आणि पेटी खाली ठेवली. त्याला पाणी कशासाठी हवं होतं ते आम्हाला नंतर कळलं.

हेडमास्तरांनी त्यांना व्हरांड्यात उतरवून घेतलं आणि मुलांसाठी आलेली सुकडी पुढं केली. त्यानं बायको-मुलाला खाऊ दिली, स्वतः मात्र हात लावला नाही. म्हणाला, “पहले खेल, फिर दाना.” कामावरचा मुकादम सांजच्याला आला होता. तो म्हणाला, “बाबा, बाहुल्या कोण बघतंय आता? ये की खडीवर, हजेरी लावतो तुझी.” तेव्हा त्यानं आपले दोन्ही हात पुढं केले. म्हणाला, या बोटांना दोरीचा ताण कळतो. हातोडी धरली तर महिनाभरात बोटं बधिर होतील, मग पुतळी मरेल. मुकादम चिडला नाही, पण त्याला ते पटलंही नाही. बायको मात्र दुसऱ्या दिवसापासून खडीवर गेली. घरात कुणीतरी मिळवायलाच हवं होतं.

हेडमास्तरांनी मग एक फार चांगली गोष्ट केली. आमचा हस्तव्यवसायाचा तास त्यांनी त्याला देऊन टाकला. एरवी आम्ही टकळीवर सूत काढायचो. त्या दिवसांत कापूसही नव्हता आणि मन तर मुळीच नव्हतं.

त्यानं पेटी उघडली आणि एक-एक पुतळी काढून टेबलावर टेकवली. डोकं, मान आणि छाती आंब्याच्या लाकडाची. डोळे मोठाले, कमळाच्या पाकळीसारखे रंगवलेले, कारण गॅसबत्तीच्या उजेडात शेवटच्या माणसालाही नजर कुठं वळली ते कळायला हवं. हात चिंध्या भरून शिवलेले, म्हणून ते झोकात हलतात. पाय नाहीतच, खाली नुसता घोळदार घागरा. दोऱ्यांसाठी वर लाकडी पट्टी वगैरे काही नव्हती. एकच दोरी डोक्यापासून निघून त्याच्या बोटांवरून फिरून पुतळीच्या कमरेला पाठीमागं बांधलेली. बोट पुढं झुकवलं की पुतळी मुजरा करायची, ताण सोडला की बसायची, हिसका दिला की गिरकी घ्यायची. नाचणारणीला तेवढ्या जास्त दोऱ्या. आम्ही प्रत्येकानं करून पाहिलं. आमच्या हातात पुतळी नुसती लोंबायची. तो म्हणायचा, दोरी ओढू नका, पुतळीचं वजन बोटावर येऊ द्या, मग ती स्वतः सांगेल.

दुष्काळानं पुतळ्यांनाही सोडलं नव्हतं. कोरड्या हवेनं लाकूड तडकलं होतं, दोन सरदारांच्या कपाळावर उभ्या चिरा गेल्या होत्या. त्यानं चिंचोक्याची खळ मागितली, चिरांत भुसा आणि खळ भरली, वरून रंग दिला. भेग लाकडाच्या रेषेबरोबर गेली असेल तर पुतळी वाचते, मानेत आडवी गेली तर संपली, असं तो सांगत होता.

अशी संपलेली एक पुतळी पेटीच्या तळाशी लाल फडक्यात होती. नाचणारीण. तिची मान गेली होती. त्यांच्यात जुनी पुतळी टाकून देत नाहीत. देवाचं नाव घेऊन नदीत सोडतात, आणि ती जितका वेळ तरंगेल तितका देव प्रसन्न झाला असं मानतात. तो दिवाळीपासून तिला घेऊन फिरत होता. वाटेतल्या एकाही नदीला वाहतं पाणी नव्हतं.

खेळ ठरला तो हजेरीचा पगार झाला त्या रात्री. दोन खाटा उभ्या करून बांबू बांधला, मागं काळं कापड, पुढं कमानी काढलेला पडदा. गॅसबत्ती सोसायटीची. ऐनवेळी अडचण आली. खडी फोडून त्याच्या बायकोचे तळवे फुटले होते आणि ढोलकवर थाप पडेना. भजनी मंडळातले आमच्या आळीचे एक आजोबा उठले आणि आपली ढोलकी घेऊन तिच्या शेजारी बसले. राजस्थानी चाल त्यांना कुठून ठाऊक असणार? ती गुणगुणायची, ते ऐकून ठेका धरायचे. दुसरी अडचण तोंडाची. पुतळ्यांचा तो चिरका आवाज बोलीतून निघतो. बोली म्हणजे बांबूच्या दोन चिपांमध्ये ताणून बांधलेली चामड्याची पट्टी, ती दातांत धरून फुंकायची. पट्टी सुकली की आवाज फाटतो. त्यानं पूर्ण रात्रीच्या खेळासाठी एक तांब्या पाणी मागितलं. माझ्या आईनं दिलं.

सरपंच म्हणाले, “लोकं दमल्यात, अर्ध्या तासात आटपा.” त्यानं हात जोडले आणि नाही म्हटलं. राजपूत सरदार अमरसिंह राठोडचा दरबार अर्धा भरवता येत नाही.

आधी झाडूवाला आला, दरबार झाडून गेला. मग पाठीवर पखाल घेतलेला भिश्ती आला आणि दरबारात पाणी शिंपडू लागला. पखालीत पाणी नव्हतं, काही नव्हतं. नुसती पुतळी वाकत होती, झोकानं वळत होती आणि बोली चिवचिवत होती. पटांगण एकदम गप्प झालं. मग पुढं बसलेली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “आरं बाबा, जपून! सांडू नगंस इतकं!” बाया हसायला लागल्या. काही महिन्यांत मी बायांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता माझी आई डोळे पुसत होती.

भिश्तीचं काम खरं तर तेवढंच असतं. एक फेरी मारायची आणि जायचं. पण त्यानं गर्दीचा सूर ओळखला. भिश्ती परत आला. या खेपेला तो थेट म्हातारीपुढं येऊन वाकला आणि पखाल तिच्या ओंजळीत ओतली. म्हातारीनं खरोखर ओंजळ पुढं केली होती. बायकोनं बोलीचा अर्थ सांगितला, “दादी, तेरे खेत का हिस्सा!” मग आमच्या गल्लीत, आमच्या विहिरीवर, असं करत पोरं ओरडून त्याला पाणी मागायला लागली आणि भिश्ती प्रत्येकाला देत राहिला. मी पुढं शहरात पुष्कळ नाटकं पाहिली. प्रेक्षक आणि खेळ असे एकमेकांत मिसळलेले पुन्हा पाहिले नाहीत.

त्यानंतर शाहजहानचा दरबार भरला. दरबारी सलाबतखानानं दंड मागताना अमरसिंहाचा अपमान केला आणि अमरसिंहानं भर दरबारात त्याला ठार केलं. ही १६४४ सालची घडलेली गोष्ट. आग्र्याच्या किल्ल्याला आज अमरसिंहाच्या नावाचा दरवाजा आहे, हे हेडमास्तरांनी दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या तासाला सांगितलं. आम्हाला त्या रात्री एवढंच कळलं की हा माणूस दंड भरणार नाही, वाकणार नाही. दिवसभर मुकादमापुढं मान खाली घालून हजेरी लावणारे बाप आमच्या शेजारी ताठ बसून ते पाहत होते.

खेळ संपल्यावर त्यानं थाळी फिरवली. कुणी ओंजळभर मिलो टाकला, कुणी दहा पैसे. मुकादमानं आठ आणे टाकले. तेव्हा कुठं तो जेवायला बसला.

जाताना लाल फडक्यातली नाचणारीण त्यानं हेडमास्तरांच्या स्वाधीन केली. म्हणाला, “नदी आयेगी. मैं न रहूँ तो भी आयेगी. इसे आप छोड़ देना.” हेडमास्तरांनी ती नकाशांच्या कपाटात ठेवली. पुढले तीन महिने आम्ही भूगोलाच्या तासाला नकाशा आणायला गेलो की फडकं उचलून तिला पाहायचो.

१९७३ चा पाऊस आला. माणगंगेला लाल गढूळ पाणी आलं त्या दिवशी हेडमास्तरांनी तास सोडला आणि सगळी शाळा काठावर नेली. त्यांनी धोतर वर खोचलं, पाण्यात उतरले आणि पुतळी सोडली. घागरा भिजला तशी ती थोडी कलली, पण बुडाली नाही. आम्ही काठानं आरडाओरडा करत धावलो. उताराच्या पलीकडं बाभळी लागतात तिथवर गेलो. ती आमच्या पुढंच होती.

नोकरीत असताना एकदा दिल्लीला गेलो, तेव्हा शादीपूरची कठपुतळी कॉलनी शोधत गेलो. देशभर फिरणारे हे भाट तिथं वस्ती करून राहत होते. २०१७ मध्ये ती वस्ती पाडली, तेव्हाही मला तो आठवला. आमचा पुतळीवाला तिथं कुणालाच ठाऊक नव्हता. पण एका म्हाताऱ्याला मी ही हकीकत सांगितली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “कितनी दूर गयी?”

महोत्सव समितीला माझी एक विनंती आहे. सांस्कृतिक कार्यक्रमातली एक संध्याकाळ बाहुल्यांच्या खेळासाठी राखून ठेवा. राजस्थानातले भाट मिळाले तर उत्तमच. नाहीतर आपल्या कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्यांचा खेळ आजही करतात, त्यांना बोलवा. बिदागीचा भार मी उचलतो. खेळ किती वेळ चालावा हे मात्र कलावंतांनाच ठरवू द्या.