विट्याच्या गलाईवाल्याचे तीन हिरवे खडे

सांगलीत सराफ कट्ट्यावर खड्यांचं काम करतो, त्यामुळे व्हॉट्सॲपवर रोज कोणी ना कोणी फोटो टाकतोच, "काका हा पन्ना खरा आहे का?" बहुतेकांना "खडा घेऊन या" एवढंच सांगतो. पण विट्याचा एक ओळखीचा पोरगा तिकडं कोइमतूरला गलाईच्या दुकानात आहे, त्याला येणं शक्य नव्हतं. जुने दागिने वितळवायच्या आधी खडे काढून ठेवतात ना, त्यातले तीन हिरवे मालकाने त्याला दिलेले आणि एक व्यापारी एकरकमी घ्यायला तयार होता.

पहिला फोटो बघून काहीच सांगता येईना. लाल कापडावर तिन्ही खडे आणि वर पिवळा बल्ब. मोबाईल आपल्या मनाने रंग बॅलन्स करतो, त्यात सगळी फ्रेम लाल असली की हिरव्याचं काय होईल सांगता येत नाही. त्याला म्हटलं कापड काढ, पांढरा कागद घे, खिडकीपाशी सावलीत ठेव, फ्लॅश नको, आणि कागद फोटोत दिसलाच पाहिजे. कागद फोटोत पांढराच दिसला तर खड्याच्या रंगावर थोडा भरवसा ठेवायचा, पिवळट दिसला तर फोटो परत काढायचा.

दुसऱ्या फोटोत तिन्ही वेगळे झाले. मधला पिवळ्याकडे झुकणारा हिरवा, कैरीच्या सालीसारखा. पेरिडॉट नावाच्या हिरव्या खड्याला रंग लोखंडामुळे येतो म्हणून तो पिवळसर असतो, पाचूचा म्हणजे पन्न्याचा क्रोमियम किंवा व्हॅनेडियममुळे येतो, म्हणून तो शुद्ध हिरवा नाहीतर निळसर हिरवा. पण नुसत्या रंगावर मी नाव देत नाही. लूप म्हणजे खडे बघायचं भिंग कॅमेऱ्यासमोर धरून फोटो काढायला लावला, तर वरच्या सपाट पैलूतून खाली बघताना मागच्या पैलूंच्या कडा दोन-दोन दिसत होत्या. पेरिडॉटमध्ये हे दिसतं, पाचूत कडा इतक्या कमी फाटतात की लूपखाली कळत नाही, आणि काचेत तर फाटतच नाहीत. एखाद्या कोनातून पेरिडॉटमध्येही एकच कड दिसते, म्हणून खडा फिरवून दोन-तीन फोटो मागवायचे.

डावीकडचा त्याचा लाडका, गडद, झकास, आत एक डाग नाही. मला तिथंच शंका आली. एवढा गडद आणि एवढा मोठा पाचू आतून इतका साफ असला तर त्याला असं कोण सोडून देईल? लूपच्या फोटोत पैलूंच्या कडा बोथट, गोलसर, आणि आत सुट्टे गोल बुडबुडे. काच.

उजवीकडचा फिकट, धुरकट, आत भेगा आणि पिसांसारख्या रेषा, टोन मध्यमच. व्यापारी म्हणे ह्याची काही किंमतच धरत नव्हता. पोरानं लूपचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "काका ह्यात पण बुडबुडे आहेत, म्हणजे ही पण काचच की?"

इथंच लोक फसतात. काचेतला बुडबुडा कुठंही मोकळा तरंगतो आणि गोल असतो, किंवा काच ओढली गेली असेल तर लांबट. ह्याच्यातले बुडबुडे चपटे, वेडेवाकडे, आणि सगळे एकाच भेगेच्या पातळीत बसलेले. म्हणजे भेगेत तेल किंवा रेझिन भरलंय आणि बुडबुडे त्या भरावातले आहेत. खात्रीसाठी खडा हळूहळू तिरका करत व्हिडिओ काढायला लावला, एका कोनात भेग नारिंगी आणि लगेच निळी चमकून गेली. तेलापेक्षा रेझिन असेल तर अशी चमक जास्त उठून दिसते.

तरी मी त्याला लिहिलं, पाचू वाटतोय पण विकू नकोस, आधी पाठव. कारण लॅबमध्ये बनवलेला पाचू रासायनिकदृष्ट्या पाचूच असतो, रंगही तोच, मोबाईलच्या फोटोवर तो पकडायचा दावा मी तरी करणार नाही. खाणीतल्यासारख्या भेगा त्यातही असू शकतात, त्यातही रेझिन भरता येतं. खड्यात प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर सुद्धा खाणीतला पाचू आणि लॅबचा पाचू जवळजवळच येतात, मायक्रोस्कोपखालचे बारीक डाग बघूनच निवाडा होतो.

तिन्ही खडे गावी येणाऱ्या एकाच्या हाती आले. रिफ्रॅक्टोमीटरवर उजवीकडचा १.५७-१.५८ च्या आसपास, मधला १.६५ ते १.६९ च्या पट्ट्यात, काच एकच रीडिंग देऊन गप्प. उजवीकडचा रिपोर्टसाठी लॅबला पाठवला, तिथून नैसर्गिक, पण भरलेला असा आला. भरावामुळे भाव उतरतोच, तरी व्यापाऱ्याने तिन्हींना मिळून जे देऊ केलं होतं त्यापेक्षा ह्या एकाचाच जास्त आला.

पोरगा फोनवर म्हणाला, "काका, मग आता ॲसिडात टाकून चकाचक करून देऊ का?" गलाईवाल्याचं डोकं, ॲसिडाशिवाय चालत नाही! त्याला म्हटलं ॲसिड नको, अल्ट्रासॉनिक मशीन नको, उकळतं पाणी तर अजिबातच नको, भेगेतला भराव निघून आला तर खडा आणखी पांढुरका दिसेल, ओल्या मऊ कापडाने पूस आणि कागदात गुंडाळून ठेव.