आठ ग्रॅमचं पाकीट

तेव्हा मी फोंड्यात एका पतसंस्थेत वसुलीच्या टेबलावर होतो. थकबाकीदाराला आणि त्याच्या जामीनदाराला रजिस्टर पोस्टाने नोटीस धाडायची आणि सहीची पोचपावती परत आली की फाईलला टाचायची, हे माझं काम.

जुलैतल्या एका सकाळी सावईवेऱ्याचे एक काका आले. छत्री दाराशी टेकवली, प्लास्टिकच्या पिशवीतून आमची दोन पाकिटं काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"बाबा, ही कशाला पाठवतोस? आत काहीच नाही."

मी म्हटलं, "काका, पोस्टात कुठेतरी फाटून पडलं असेल."

"फाटलं कुठे? बघ की."

दोन्ही पाकिटं त्यांनी कडेने कात्रीने कापली होती. झाकण मात्र डिंकाने घट्ट चिकटलेलं, उकललेलं नाही. माझ्या पोटात गोळा आला. दोन्ही पोचपावत्या काकांच्या सहीनिशी आमच्या फाईलला होत्या.

फाईल उघडली. प्रत्येक नोटिशीच्या मी दोन प्रती काढायचो, एक टपालाला, एक दप्तरी. इथे दोन्ही दप्तरीच होत्या.

मग उलगडा झाला. पाकिटांवर पत्ते मी आठवडाभर आधीच चिकटवून ठेवायचो. आमच्याकडच्या पावसात कपाटातले पापडसुद्धा मऊ पडतात. त्या दमट हवेत डिंक ओला होऊन झाकणं आपोआप बसायची. बंद पाकीट दिसलं की मी समजायचो, हे भरून झालं.

किती गेली असतील? पोस्टाच्या पावत्या काढल्या. पावतीवर वजन छापलेलं असतं, पण तिकडे कोण बघतो! वीस ग्रॅमपर्यंत दर एकच, त्यामुळे काउंटरवरही कुणाला खटकलं नाही. ए-फोर कागद साधारण पाच ग्रॅमचा, नोटीस दोन पानांची. जूनच्या पावत्यांवर अठरा ग्रॅम होते. जुलैतल्या अकरा पावत्यांवर आठ.

अकरापैकी बोलायला आले ते एकटे काका. बाकीच्यांचंही खरंच होतं म्हणा, थकबाकीदार कशाला सांगेल की नोटीस पोचली नाही? काका पडले जामीनदार, दोन भाच्यांना सही दिलेली. आपल्या गळ्याशी किती आलंय, हे त्यांना कळायला हवं होतं.

मॅनेजरना सांगितलं. ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अकराही नव्याने काढ. तारीख आजची." म्हणजे पंधरा दिवसांची मुदत पुन्हा पहिल्यापासून.

काकांच्या नोटिसा तिथेच छापून हातात दिल्या. त्यांनी चष्मा लावून दोन्ही वाचल्या, थकीत आकड्यावर बोट ठेवून पुटपुटले, दप्तरी प्रतीवर सही केली. मी सवयीने कागद पाकिटात घालून झाकणाला डिंक लावायला घेतला.

"राहू दे," काका म्हणाले, "उघडंच दे."