पाचशेची वर्गणी, कापले पाचशे एकवीस

आम्ही इथे म्युनिकमधून लहान मुलांसाठी मराठी ऑडिओ गोष्टी चालवतो, महिना ५ युरो. गंमत अशी की ऐकणारी पोरं युरोपात नाहीतर अमेरिकेत, पण पैसे भरणारे बरेचदा भारतातले आजीआजोबा, नातवाला वाढदिवसाची भेट म्हणून. त्यामुळे पैसा रुपयांत निघतो आणि इथे युरोत पोचतो, आणि मधे त्याला जिथे जिथे हात लागतो तिथे तो थोडा झिजतो. मध्यंतरी सांगलीच्या एका आजींचा फोन आला, "पाचशेचं सांगितलं होतंत की ओ, मग बँकेनं पाचशे एकवीस कसे कापले?" आता त्यांना काय सांगणार, वरच्या एकवीसमधला एक पैसाही आमच्याकडे आलेला नसतो. म्हणून म्हटलं एकदा सगळा हिशोबच मांडून टाकू, कारण बाहेर राहून क्लासेस किंवा कसली वर्गणी चालवणारे बरेच जण हाच प्रश्न विचारतात.

हिशोब सोपा जावा म्हणून १ युरो म्हणजे १०० रुपये धरू. आजींनी ५ युरो भरले की व्हिसा-मास्टरकार्डसारख्या कार्ड नेटवर्कच्या दराने झाले ५०० रुपये. त्यावर त्यांची भारतातली बँक फॉरेन करन्सी मार्कअप लावते, बऱ्याच कार्डांवर तो ३.५ टक्के असतो, म्हणजे १७ रुपये ५० पैसे. आणि त्या मार्कअपवर परत १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३ रुपये १५ पैसे. झाले ५२० रुपये ६५ पैसे. हा मार्कअप कधी कधी वेगळी ओळ म्हणून चार दिवसांनी स्टेटमेंटवर उगवतो, त्यामुळे लोकांना वाटतं आम्ही दोनदा पैसे कापले. शिवाय नेटवर्कचा दर बरेचदा पेमेंट केल्या क्षणाचा नसतो, व्यवहार प्रोसेस होतो त्या दिवसाचा लागतो, म्हणून मेसेजमधला आकडा आणि स्टेटमेंटमधला आकडा यात रुपया-दोन रुपयांचा फरक पडतो तो वेगळाच.

हे झालं आजींच्या बाजूचं. आमच्या बाजूला पेमेंट कंपनी युरोपबाहेरच्या कार्डावर ३.२५ टक्के आणि वर प्रत्येक व्यवहाराला २५ सेंट घेते. ५ युरोवर १६ अधिक २५, म्हणजे ४१ सेंट गेले, हातात ४ युरो ५९ सेंट.

मग सगळे सुचवतात तो उपाय: भारतातल्या लोकांना किंमत रुपयांतच दाखवा ना! दाखवतो आम्ही, पण त्याने फी नाहीशी होत नाही, नुसती जागा बदलते. रुपयांत ५०० घेतले की ते युरो करायचं काम आमची पेमेंट कंपनी करते आणि त्याचे २ टक्के लावते, म्हणजे आणखी १० सेंट, हातात ४ युरो ४९. आणि आजींचं तरी पूर्ण सुटतं का, तर नाही. व्यापारी परदेशात नोंदलेला असेल तर किंमत रुपयांत असली तरी बऱ्याच भारतीय बँका साधारण १ टक्का आणि त्यावर जीएसटी लावतात, म्हणजे ५ रुपये ९० पैसे. तरी वीस रुपयांपेक्षा सहा बरे, आणि मुख्य म्हणजे स्क्रीनवर ५०० दिसतात आणि ५०६ जातात, त्यावर कोणी फोन करत नाही. आम्ही ते १० सेंट सोसतो, माझ्या मते ते वर्थ आहे.

पण हे २ टक्के ओळखायचे कसे, कारण पेमेंट कंपनी आमच्या खात्यात पैसे पाठवताना जो पेआउट रिपोर्ट देते त्यात ते फीच्या रकान्यात दिसतच नाहीत, दरात मुरलेले असतात. युरोपियन सेंट्रल बँक कामकाजाच्या दिवशी दुपारी संदर्भ दर जाहीर करते, रुपयाचाही. तो उघडायचा आणि रिपोर्टमधल्या दराशी ताडून बघायचा. ५०० रुपयांचे त्या दराने ५ युरो व्हायला हवेत आणि रिपोर्ट ४.९० म्हणतोय, तर तुमचे २ टक्के इथे गेले. जिथे "कन्व्हर्जन फ्री" असं लिहिलेलं असतं तिथे तर हे नक्की करून बघा.

खरा खड्डा मात्र टक्केवारीत नाहीये, त्या २५ सेंटमध्ये आहे. पाच युरोवर २५ सेंट म्हणजे सरळ ५ टक्के झाले की! म्हणून भारतातल्या कार्डांसाठी आम्ही मासिक बंद करून वार्षिकच ठेवलं. ६००० रुपये एकदम घेतले तर ३.२५ टक्क्यांचे १.९५, कन्व्हर्जनचे १.२०, आणि ते २५ सेंट एकदाच, म्हणजे ६० पैकी ५६ युरो ६० सेंट हातात. दरमहा ४.४९ ने बारा महिन्यांचे ५३.८८ झाले असते. पावणेतीन युरोचा फरक, तो आम्ही सवलत म्हणून देऊन टाकतो.

वार्षिक करण्याचं दुसरं कारण ओटीपी. रिझर्व्ह बँकेचे आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले: ग्राहकाने आधी ओटीपी देऊन मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी, नोंदवायचं, आणि दर वेळी पैसे कापायच्या २४ तास आधी बँकेने कळवायचं. परदेशी पेमेंट कंपनीकडून ते मँडेट नीट नोंदलं गेलं नसेल तर पहिला महिना मस्त जातो आणि दुसऱ्या महिन्यात कार्ड नाकारलं जातं. तुमच्याकडे फक्त भारतातली कार्डं आणि तीही दुसऱ्याच महिन्यात नाकारली जात असतील तर कारण बहुतेक हेच, खात्यात पैसे नाहीत हे नव्हे. आणि पहिलंच पेमेंट नाकारलं गेलं तर आधी विचारा, बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचं इंटरनॅशनल आणि ऑनलाइन वापराचं बटण चालू आहे का. २०२० पासून नवीन कार्डावर ते बंदच येतं, ज्येष्ठांना बिचाऱ्यांना हे माहीतच नसतं, ते मुलाला फोन करतात आणि मुलगा आम्हाला.

रुपयांत किंमत ठेवण्याची एक बाजू मात्र फीपेक्षा महाग पडू शकते. २०२५ च्या सुरुवातीला युरो नव्वदच्या आसपास होता, वर्ष संपेपर्यंत शंभरच्या वर गेला. तेच ५०० रुपये, पण आधी त्यांचे साडेपाच युरो व्हायचे, आता पाचही होत नाहीत. सगळ्या फीला कात्री लावून वाचवलेलं या एका गोष्टीत जातं. रोज किंमत हलवणं काही बरं दिसत नाही, म्हणून आम्ही दर जानेवारीत रुपयाची किंमत नव्याने ठरवतो आणि ती नवीन लोकांना लगेच, जुन्यांना नूतनीकरणाच्या वेळी लागू करतो.

रिफंडचं तर विचारूच नका. आम्ही ५ युरो पूर्ण परत केले तरी आजींना त्या दिवशीच्या दराने मिळणार, बँकेचा मार्कअप बहुतेक वेळा परत येत नाही, आणि आमची ४१ सेंटची फीही गेलेलीच असते. त्यामुळे कोणी मधेच थांबायचं म्हटलं तर आम्ही आधी विचारतो, उरलेले महिने दुसऱ्या नातवाच्या नावावर करून देऊ का?

अमेरिकेतल्या लोकांचं त्या मानाने सोपं. त्यांच्याकडून डॉलरच घेतो, आणि ते युरोत बदलत नाही. मल्टीकरन्सी खात्यात तसेच डॉलर ठेवतो, कारण आमच्या सर्व्हरचं आणि ऑडिओ होस्टिंगचं बिल डॉलरमध्येच येतं, ते त्यातूनच भरतो. नाहीतर येताना डॉलरचे युरो करायला २ टक्के आणि जाताना युरोचे डॉलर करायला परत फी. फक्त अशी सोय करण्याआधी पेमेंट कंपनी डॉलर खात्यात पेआउट करायचे वेगळे पैसे घेते का ते बघून घ्या, काही ठिकाणी तिथे फी असते आणि मग महिन्याला पंचवीस-तीस डॉलर येणाऱ्याला ते परवडत नाही, त्याने सरळ युरोच घ्यावेत.