वीस नोव्हेंबरची ओळ

आमचं ऑफिस बेळगावच्या टिळकवाडीत, एका झेरॉक्सच्या दुकानावर. खोलीत तीन स्क्रीन, एक इन्व्हर्टर, आणि कोपऱ्यात कधीच बंद न होणारा एक जुना पीसी. त्या पीसीवरची स्क्रिप्ट हे माझं काम. रोज बाजार बंद झाला की पाच मिनिटांनी ती निफ्टीची ऑप्शन चेन, म्हणजे सगळ्या ऑप्शनचा त्या दिवसाचा तक्ता, उतरवून घेते. प्रत्येक स्ट्राइकच्या, म्हणजे सौद्यात ठरलेल्या पातळीच्या, ऑप्शनचा भाव, ओपन इंटरेस्ट म्हणजे अजून उघडे असलेले सौदे, आणि इम्प्लाइड व्होलॅटिलिटी ती एका फाइलमध्ये टाकते. ही व्होलॅटिलिटी, म्हणजे आयव्ही, सांगते की ऑप्शनच्या भावात पुढच्या किती चढउताराचा अंदाज धरलाय. जून 2024 च्या निवडणूक निकालांनंतर सुरू केली, कारण त्या आठवड्यात आयव्ही कशी वर-खाली झाली हे नंतर बघायला आमच्याकडे काहीच उरलं नव्हतं. आजची चेन आज साठवली नाही तर उद्या ती त्या रूपात परत मिळत नाही.

```
35 15 * * 1-5 /home/vol/snap.sh
```

चेनमधला आयव्हीचा तयार रकाना मी घेत नाही, याचा मला थोडा गर्व आहे. तो काढताना व्याजदर सरसकट 10 टक्के धरलेला असतो. त्यामुळे एकाच स्ट्राइकच्या कॉलची, म्हणजे बाजार चढला की फळणाऱ्या ऑप्शनची, आयव्ही कमी आणि पुटची, म्हणजे पडला की फळणाऱ्याची, जास्त दिसते, आणि मुदत लांब असेल तेवढी ही दरी वाढते. त्या दरीवरून ‘बाजार घाबरलाय’ असं सांगणारे व्हिडिओ निघतात, ते बघून मी रागाने चहा प्यायला जातो. मी मधल्या स्ट्राइकच्या भावात कॉल वजा पुट मिळवून फॉरवर्ड भाव, म्हणजे मुदतीच्या दिवसासाठी बाजारानं धरलेला निफ्टीचा भाव, काढतो आणि त्यावरून आयव्ही. मग कॉल आणि पुट बऱ्यापैकी जुळतात.

जानेवारी 2025 मधल्या एका दुपारी अण्णांनी हाक मारली. अण्णा म्हणजे आमचे मालक. निपाणीला तंबाखूच्या व्यापारात केस पांढरे झाले, आता ऑप्शन करतात. त्यांनी माझ्या फाइलचा आलेख काढून घेतला होता आणि एका टोकावर बोट ठेवलं होतं.

“हे बघ की रे. वीस नोव्हेंबरला आठवड्याच्या ऑप्शनची आयव्ही एकदम चढली. आणि एकवीसला अमेरिकेतून अदानींवरच्या आरोपपत्राची बातमी आली, बाजार पडला. कुणाला तरी आधीच कळालं होतं.”

एकवीसचं बरोबर होतं. निफ्टी 23,518.50 वरून 23,349.90 वर आला होता. आणि वीसच्या ओळीत आदल्या दिवशीच्या 15 ला 21 व्हावेत अशी उडी होती. अण्णांनी त्यावरून नियमही करून टाकला होता: आठवड्याची आयव्ही एका दिवसात अशी चढली की पुट घ्यायचे. त्या नियमावर दोनदा पैसे घातले होते, हे मला तेव्हा कळलं. दोन्ही वेळा गेले.

मला खटकलं ते उडीचं प्रमाण. बाजार हलला की सगळे स्ट्राइक सारखे हलत नाहीत. खालचे पुट जास्त फुगतात, वरचे कॉल कमी. इथे वीसचा आकडा एकोणीसच्या आकड्याने भागला की प्रत्येक स्ट्राइकला 1.415. 28 नोव्हेंबरच्या एक्सपायरीला, म्हणजे त्या दिवशी मुदत संपणाऱ्या ऑप्शनना, सगळीकडे 1.061, 26 डिसेंबरला 1.014. बाजार इतका शिस्तीचा कधीच नसतो.

वहीवर वेळ मांडली. भाव तोच राहिला आणि मुदत कमी झाली, तर आयव्ही मुदतींच्या भागाकाराच्या वर्गमुळाइतक्या पटीनं वाढते. एकवीसच्या एक्सपायरीला एकोणीसला साधारण 48 तास होते, वीसला 24. दोनाचं वर्गमूळ 1.414. माझी पाच मिनिटं धरली की 1.415. पुढच्या एक्सपायरीला नऊ दिवसांचे आठ झाले, डिसेंबरला 37 चे 36. तिन्ही आकडे जुळले. म्हणजे वीसला भाव बदललेच नव्हते, फक्त माझ्या पीसीचं घड्याळ एक दिवस पुढे गेलं होतं.

पण का, ते कळेना. बुधवार होता, कामाचा दिवस. मग फोनमधले फोटो मागे सरकवले. वीस तारखेला चंदगडच्या आत्यानं बोटावरच्या शाईचा फोटो पाठवला होता. महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान. मुंबई बंद, म्हणून शेअर बाजार बंद. शिनोळीच्या सीमेपलीकडे सुट्टी आणि इकडे बेळगावात शाळा, कचेऱ्या, सगळं नेहमीसारखं. आमच्या डोक्यात तो दिवस सुट्टी म्हणून राहिलाच नव्हता. माझ्या सुट्ट्यांच्या यादीतही नव्हता, कारण यादी मी वर्षाच्या सुरुवातीची भरलेली आणि ही सुट्टी नोव्हेंबरात जाहीर झालेली. बंद बाजाराची चेन मागितली की शेवटच्या दिवसाचीच चेन मुकाट्यानं मिळते. स्क्रिप्टनं ती घेतली आणि वर आजची तारीख मारली.

ओपन इंटरेस्टवरून तरी पकडायला हवं होतं. वीसचा प्रत्येक आकडा एकोणीससारखाच होता. पण मी ‘बदल’ हा रकाना स्वतः वजाबाकी करून काढत नव्हतो, चेनमधूनच उचलत होतो. तिथे एकोणीसचा बदल पुन्हा छापून आला आणि बघणाऱ्याला वाटलं, आजही व्यवहार झालेत. वजाबाकी केली असती तर अख्खा रकाना शून्य दिसला असता. आळस माझाच.

दुरुस्ती पाच ओळींची होती. चेनच्या आत तिची स्वतःची वेळ असते, ती मी वाचतच नव्हतो.

```python
ts = datetime.strptime(chain["records"]["timestamp"],
                       "%d-%b-%Y %H:%M:%S")
if ts.date() != date.today():
    sys.exit("stale")
T = (expiry - ts).total_seconds() / (365 * 86400)
```

यात दर शुक्रवारी पुन्हा यादी तपासायची गरजही संपली. एक्सपायरीच्या दिवशी मात्र `T` शून्याला टेकतो, म्हणून त्या दिवशी ती एक्सपायरी मोजायचीच नाही.

अण्णांना सांगितलं. ते बराच वेळ आलेखाकडे बघत राहिले. “म्हणजे कुणालाच काही कळालं नव्हतं?”

“नाही अण्णा. आपलंच घड्याळ होतं ते.”

“मग पुसून टाक.”

मी ओळ पुसायला बसलो आणि अडलो. एकोणीसच्या संध्याकाळी ऑप्शन विकणाऱ्याला बुधवारची सुट्टी माहीत होती. घड्याळात 48 तास असले तरी त्याच्या भावात व्यवहाराचा एकच दिवस होता, गुरुवारचा. मी 48 तास धरून भागले, म्हणून एकोणीसची आयव्ही खोटीच खाली बसली होती. तेव्हा आठवड्याची एक्सपायरी गुरुवारी असायची, त्यामुळे एरवीच्या कुठल्याही बुधवारी एका दिवसाच्या व्यवहाराला मी 24 तासच मोजत होतो. त्या मापानं बघितलं तर चुकून आलेला वीसचा आकडाच इतर आठवड्यांशी जुळणारा होता, आणि ज्या ओळीवर माझा विश्वास होता ती बिघडलेली. उडी निम्मी माझ्या घड्याळाची आणि निम्मी सुट्टीची.

मग व्यवहाराचे दिवसच मोजावेत, सुट्टी शून्य धरावी, असं ठरवून नवीन रकाना सुरू केला. दोन दिवसांत तोही पटेना. ती बातमी तर त्याच सुट्टीच्या रात्री आली होती. बाजार बंद असताना जग बंद नसतं, मग त्या बुधवारला शून्य तरी कसं म्हणू? आठवड्याच्या ऑप्शनला एक सुट्टी म्हणजे व्यवहाराच्या दिवसाचा किती भाग, चौथा की दहावा, हे माझ्या फाइलमधल्या मोजक्या सुट्ट्यांवरून निघत नाही.

वीसची ओळ ठेवली आहे, पुढे `stale` लिहून. अण्णा अधूनमधून विचारतात, पुसलीस का रे. मी म्हणतो, करतो.