शेक सुरू होण्याआधीचे तीन आठवडे

दादरच्या फुलबाजारात गाळा असलेले हे काका आमच्या दंतविभागात आले, तेव्हा त्यांच्या ऑपरेशनला बारा दिवस झाले होते. वय चौपन्न. डाव्या गालात तंबाखू-चुन्याची गोळी ठेवायची सवय होती आणि कॅन्सर नेमका तिथेच, गाल आणि खालच्या हिरडीच्या मधल्या खोबणीत झाला होता. सर्जननी गाठीबरोबर डाव्या खालच्या दाढा आणि जबड्याच्या हाडाची वरची कड काढली होती. मानेतल्या गाठींत आजार सापडल्यामुळे आता रेडिएशन द्यायचं होतं. आमचे पेशंट त्याला ‘शेक’ म्हणतात. किरणांची मात्रा रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवड्यांत एकूण ६० ग्रे.

“दात दुखत नाहीत मॅडम, नुसता कागद सही करून द्या,” काका म्हणाले. शेक सुरू होण्याआधी दातांची तपासणी करून घ्या, अशी चिठ्ठी त्यांच्या हातात होती.

मी ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे, काढायला लावला. डावीकडे खाली दोन उपदाढा उरल्या होत्या. मागची आतून किडलेली होती आणि तिच्या मुळाच्या टोकाशी हाडात काळसर डाग होता, म्हणजे दुखत नसलं तरी तिथे जुना पू होता. पुढच्या उपदाढेभोवती हिरडी थोडी सुटली होती, पण मूळ भक्कम होतं. वर डावीकडची शेवटची दाढ, खालच्या दाढा गेल्यामुळे, ऑपरेशनच्या ताज्या जागेवर टेकत होती.

मग मी रेडिएशनच्या डॉक्टरांना फोन केला, कारण कुठला दात कुठल्या डोसमध्ये येणार हे कळल्याशिवाय निर्णय घेता येत नाही. काकांचा आजार पूर्ण एका बाजूला होता, त्यामुळे शेक डाव्या बाजूलाच मिळणार होता. उजवीकडे खाली मोठं सिमेंट भरलेली एक दाढ होती. ती शेकाच्या पट्ट्यात असती तर मी काढायला सांगितली असती. उजवीकडे डोस अगदी कमी पोचणार होता, म्हणून ती ठेवली. सरसकट सगळे दात काढून टाकणं मला कधीच पटलेलं नाही. माणसाला पुढे जेवायचं असतं.

डावीकडची मागची उपदाढ आणि वरची दाढ मात्र काढायलाच हवी होती. काका हट्टाला पेटले. “आधीच अर्धं तोंड गेलं, आता चांगले दातही काढताय?” मी एक्स-रे उजेडात धरून त्यांच्या बायकोला तो काळा डाग दाखवला.

“मावशी, खालच्या जबड्याला रक्त मुख्यतः हाडातून जाणाऱ्या एकाच नळीतून मिळतं. शेकामुळे बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात, हाडातल्या पेशी मरतात. हाड उभं राहतं, पण जखम भरायची ताकद त्यात उरत नाही. हा दात आज काढला तर भरेल. दोन वर्षांनी दुखायला लागला आणि तेव्हा काढला, तर कदाचित भरणारच नाही.”

“आणि नाही भरलं तर?” मावशींनी विचारलं.

मी त्यांना आमच्याकडच्याच एका बाईंचं सांगितलं. आयुष्यभर मिश्री लावलेल्या. शेक संपून चार वर्षं झाल्यावर त्यांनी बाहेर एक दाढ काढून घेतली, कारण इतकी वर्षं उलटल्यावर आता कसला धोका, असं घरात सगळ्यांना वाटलं. हा धोका वर्षांनी विझत नाही, तो जन्मभर राहतो. जखमेतून पिवळट, खरखरीत हाड दिसायला लागलं, जिभेला टोचायचं. मग खालचा ओठ बधिर झाला, हनुवटीखाली छिद्र पडून पू येऊ लागला. आजार परत आला नाही ना, याची खात्री आम्ही आधी तुकडा तपासून केली, कारण दोन्ही बाहेरून सारखंच दिसू शकतं. कॅन्सर नव्हता, हाड मेलं होतं. शेवटी जबडा तिथेच मोडला आणि पायाचं हाड आणून जोडावं लागलं.

काका गप्प झाले. मावशी म्हणाल्या, “काढा.”

आता प्रश्न तारखांचा होता. अशा ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांत शेक सुरू व्हावा लागतो, उशीर झाला तर आजाराला वाव मिळतो. दात काढल्यावर जखम भरायला किमान दोन, शक्यतो तीन आठवडे हवेत. मध्ये शेकाच्या वेळी डोकं हलू नये म्हणून मास्क बनवणं आणि सीटी स्कॅनवर डोस आखणं असतंच. बारा दिवस आधीच गेलेले. म्हणून दुसऱ्याच दिवशी दोन्ही दात काढले. हिरडी उचलून हाडाच्या टोकदार कडा घासून गुळगुळीत केल्या आणि वरून टाके घालून जखम बंद केली, कारण पुढे शेकाने पातळ झालेल्या हिरडीतून अशीच एखादी कड बाहेर डोकावते. खरं तर ही तपासणी ऑपरेशनच्या आधी व्हायला हवी. मग खराब दात त्याच भुलीत निघतात आणि हे आठवडे आपोआप मिळतात. मी प्रत्येक सर्जनला हे सांगत आले आहे.

पुढची उपदाढ ठेवली. हिरड्या साफ केल्या, दातांच्या मापाचे मऊ ट्रे बनवून दिले आणि रोज रात्री त्यात फ्लोराइड जेल घालून पाच मिनिटं लावायला सांगितलं. शेकामुळे लाळ आटते, आणि लाळ नसली की दात हिरडीलगत गोल गोल किडत जाऊन मानेतूनच तुटतात.

ऑपरेशननंतरच्या पाचव्या आठवड्यात शेक सुरू झाला आणि ठरल्याप्रमाणे पुरा झाला.

तीन वर्षांनी दुपारच्या ओपीडीत फोन आला. लालबागमधले एक दंतवैद्य बोलत होते. “मॅडम, तुमचे एक पेशंट खुर्चीत आहेत. उपदाढ तुटलीय, नुसतं मूळ उरलंय, दोन मिनिटांत निघेल. पण मावशींनी एक कार्ड दाखवलं. ‘शेक घेतला आहे, विचारल्याशिवाय दात काढू नये’ असं लिहिलंय, म्हणून फोन केला.” तीच उपदाढ होती. जेल लावणं वर्षभरापासून बंद होतं.

“हात लावू नका, आजच इकडे पाठवा,” मी म्हटलं. त्या डॉक्टरांचे आभार मानावेत तेवढे थोडे. अनेक जण विचारतही नाहीत.

काका आले. तोंड दोन बोटं उघडत होतं. मुळाची जागा पूर्ण ६० ग्रेमध्ये होती. मूळ उपटण्याऐवजी आम्ही ते तिथेच ठेवलं. रूट कॅनल करून आतली घाण काढली, सुया मुळाच्या टोकाबाहेर जाणार नाहीत याची काळजी घेतली, मूळ हिरडीच्या पातळीला घासलं आणि वरून सिमेंटने बंद केलं. हाडाला कुठेच जखम झाली नाही. असं मूळ वर्षानुवर्षं निमूट राहू शकतं. त्यावर दात उभा नसला तरी चालतं.

आता काका दर तीन महिन्यांनी येतात. मी मुळावरची हिरडी दाबून बघते, ओठाची जाण विचारते, कुठे टोचतंय का ते विचारते. मागच्या वेळी शेजारच्या सुळ्याच्या मानेशी खडूसारखी पांढरी रेघ दिसली, म्हणजे कीड तिथे सुरू झाली होती. नवे ट्रे करून दिले. जेलची ट्यूब आता मावशी स्वतःच्या ताब्यात ठेवतात.